भरल्या टबाची गळती

बाथटबला दोन भोके असतात. एक तळाला, पाणी सोडून द्यायला. दुसरे डोक्याकडच्या भिंतीत, काठाच्या थोडे खाली, नळ चालू राहिला तर जादा पाणी निघून जावे म्हणून. टबात बसणाऱ्याला ही दोन भोके वेगवेगळी दिसतात. पण टबाच्या मागच्या बाजूने पाहिले तर ती एकाच जोडणीची दोन तोंडे आहेत. या जोडणीला प्लंबर लोक 'वेस्ट अँड ओव्हरफ्लो' म्हणतात. टब बसवून भिंतीला टाइल लागली की ती कायमची नजरेआड जाते, आणि तिची आठवण होते ती खालच्या मजल्याच्या छतावर पिवळट डाग उमटल्यावरच.

या जोडणीची एक गळती प्लंबरलाही चकवते. शॉवर कितीही वेळ घेतला तरी छत कोरडे राहते, मुलांना थोड्या पाण्यात अंघोळ घातली तरी काही होत नाही. पण टब काठोकाठ भरून कोणी त्यात पहुडले की तास-दोन तासांत डाग ओला होतो. प्लंबर येतो, नळ सोडून पाहतो, खाली काहीच ठिबकत नाही, आणि तो "टाइलच्या सांध्यातून जात असेल" असे सांगून पांढऱ्या सिलिकॉनची एक रेघ ओढून जातो. पुढच्या रविवारी डाग पुन्हा ओला. अशा वेळी चूक होते ती दुरुस्तीत नाही, शोधण्याच्या पद्धतीत. रिकाम्या टबात जी गळती नसतेच, ती रिकाम्या टबात सापडणार कशी?

जोडणीची रचना नीट समजली तर शोध निम्मा संपतो. तळाच्या भोकात वरून एक चकचकीत धातूचे कडे बसवलेले असते. त्याला फ्लँज म्हणतात. त्याची ओठासारखी कड टबाच्या तळावर टेकते आणि आटे असलेली मान भोकातून खाली जाते. खालून या मानेला एक कोपरा धरतो. बुटासारखा दिसतो म्हणून त्याचे नाव 'शू'. फ्लँज शूमध्ये घट्ट फिरवला की टबाचा तळ दोघांच्या चिमटीत सापडतो. पाणी अडते ते दोन ठिकाणी. वर, फ्लँजच्या ओठाखाली, पुट्टीचा किंवा सिलिकॉनचा थर असतो. खाली, टबाचा तळ आणि शू यांच्यामध्ये, रबराची जाड चकती असते. यांपैकी खरा भार रबरी चकतीवर. पुट्टी वाळून तडकली तरी चकती शाबूत असेल तर बरेच दिवस काही कळत नाही, आणि म्हणूनच दोन्ही बिघडेपर्यंत कोणी लक्ष देत नाही.

शूमधून एक आडवा पाइप डोक्याकडच्या भिंतीपर्यंत जातो आणि तिथे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या तुकड्याला मिळतो. या टीच्या वरच्या तोंडात ओव्हरफ्लोचा उभा पाइप उतरतो. खालच्या तोंडातून सगळे पाणी ट्रॅपमध्ये जाते. पाइप दीड इंची असतो. सांधे बहुधा नट आणि रबरी वॉशरचे, म्हणजे हाताने उघडता येण्याजोगे. नव्या घरांत प्लास्टिकचे पाइप सोल्युशन लावून कायमचे चिकटवलेलेही आढळतात. उभ्या पाइपाच्या डोक्यावर आणखी एक कोपरा असतो आणि त्याचे तोंड टबाच्या भिंतीतल्या वरच्या भोकासमोर मागच्या बाजूने येते. कोपरा आणि टबाची भिंत यांच्यामध्ये फोमचे किंवा मऊ रबराचे गॅस्केट असते. आतून चकचकीत झाकण ठेवून त्याचे एक-दोन स्क्रू कोपऱ्यात आवळले की कोपरा टबाकडे ओढला जातो आणि गॅस्केट दाबले जाते.

हे गॅस्केट बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण भरल्या टबाच्या गळतीत पहिला संशय त्याच्यावर जातो आणि पुष्कळदा तो खरा ठरतो. टब वर रुंद आणि खाली अरुंद असतो, म्हणजे त्याची भिंत वरच्या टोकाला बाहेर झुकलेली असते. मागचा पाइप मात्र सरळ उभा. त्यामुळे भिंत आणि कोपरा यांच्यातली फट वर कमी आणि खाली जास्त राहते. ही तफावत भरून काढण्यासाठी गॅस्केट पाचरीसारखे बनवतात आणि त्याची जाड बाजू खाली ठेवायची असते. घाईत ते उलटे बसले तर वरची बाजू चेपली जाते आणि खालची फट तशीच राहते. पाणी भोकात शिरते ते खालच्या कडेवरूनच. आतले झाकण पाणी अडवायला नसतेच. ते फक्त भोक झाकते आणि स्क्रू धरते. झाकणाभोवती सिलिकॉन फासून गळती थांबवू पाहणे हा त्यामुळे वेळेचा अपव्यय. शिवाय झाकणाखालची फट बुजली की ओव्हरफ्लोचा हेतूच संपतो, आणि नळ चालू राहिला तर पाणी थेट जमिनीवर.

पाणी अडवण्याची व्यवस्था दोन प्रकारची असते, आणि शोध घेताना हा फरक महत्त्वाचा ठरतो. एका प्रकारात तळाच्या तोंडातच बूच असते. ते बोटाने दाबून, फिरवून किंवा ओव्हरफ्लोवरच्या दांडीने उघडझाप होते. दुसऱ्या, जुन्या प्रकारात तळाच्या तोंडावर नुसती जाळी दिसते. ओव्हरफ्लोच्या झाकणावरची दांडी खाली-वर केली की उभ्या पाइपात लोंबणारा पितळी दट्ट्या टीमध्ये उतरतो आणि पाण्याची वाट तिथे अडवतो. पहिल्या प्रकारात टब भरलेला असताना शू आणि आडवा पाइप रिकामे असतात. दुसऱ्या प्रकारात ते पाण्याने भरलेले राहतात, म्हणून आडव्या पाइपाचा सांधा तास-तासभर दाबाखाली असतो. टब एकसारखा दिसला तरी संशयितांची यादी अशी बदलते.

आता प्रश्न असा की टब भरल्यावर नेमके काय बदलते. एका दमात उत्तर दिले जाते ते "दाब वाढतो" असे. ते खरे आहे, पण अपुरे. तीस सेंटिमीटर पाण्याचा तळावरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला तीस ग्रॅम इतकाच असतो. नळाच्या पाइपातला दाब याच्या शंभरपट किंवा त्याहून जास्त. म्हणूनच नळाच्या पाइपाची गळती रात्रंदिवस चालते आणि घरातले सगळे नळ बंद ठेवून मीटरचा काटा पाहिला की ती कळते. सांडपाण्याची गळती फक्त पाणी असेल तेव्हाच आणि हळूहळू होते. मीटरची ही तपासणी सुरुवातीलाच उरकावी. त्यामुळे निम्मी भीती कमी होते.

दाबाखेरीज टब भरताना आणखी तीन गोष्टी घडतात. पाण्याची पातळी अशा जागी पोचते जिथे एरवी पाणी कधीच जात नाही. ओव्हरफ्लोचे गॅस्केट हे त्याचे पहिले उदाहरण. पाण्याचे आणि माणसाचे मिळून वजन तळावर पडते. साधारण पाच फुटी टबात दीडशे लिटर पाणी मावते असे धरले, तर ते दीडशे किलो, आणि त्यात सत्तर किलोचा माणूस. ओतीव लोखंडाचा टब हे वजन निमूट सोसतो. अॅक्रिलिक किंवा फायबरचा टब खाली मसाल्याची बैठक न देता नुसत्या पायांवर उभा केला असेल, तर त्याचा तळ काही मिलिमीटर दबतो. खालचा पाइप जागचा हलत नाही, आणि या ओढाताणीत फ्लँजखालचा सांधा उघडतो. तिसरी गोष्ट टब रिकामा करताना घडते. अमेरिकेत १९९४ पासून शॉवरचा प्रवाह मिनिटाला साडेनऊ लिटरच्या आत ठेवण्याचा नियम आहे, त्यामुळे शॉवरचे पाणी पाइपाच्या तळाशी पातळ धारेने वाहते. पण दीडशे लिटर पाणी चार-पाच मिनिटांत निघून जाते, तेव्हा प्रवाह त्याच्या तिप्पट-चौपट असतो आणि पाइप पूर्ण भरतो. पुढे ट्रॅपमध्ये केस आणि साबणाचा गाळ अडकला असेल तर पाणी मागे तुंबून टीच्या वरच्या सांध्यापर्यंत चढते. शॉवरच्या वेळी कोरडा राहणारा सांधा त्या चार मिनिटांत गळतो.

म्हणजे भरल्या टबाची गळती ही एक गळती नाही. भरताना, साठलेले असताना, माणूस बसल्यावर आणि सोडताना अशा चार वेळा आहेत, आणि प्रत्येक वेळेचा दोषी वेगळा. जागा शोधण्याआधी वेळ शोधायची, एवढेच या पद्धतीचे सूत्र आहे. डागाच्या जागेवर भरवसा ठेवून उपयोग नाही. लाकडी घरात पाणी पाट्यांवरून आणि तुळयांच्या कडेने वाहत जाऊन जिथे वाट मिळेल तिथे खाली उतरते; डाग टबापासून दीड-दोन मीटर दूरही पडू शकतो.

एक उदाहरण सविस्तर पाहू. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, आणि तिथली घरे बहुतांशी लाकडी सांगाड्याची, दुमजली असतात. वर झोपण्याच्या खोल्या आणि बाथरूम, खाली जेवणाची खोली, मध्ये जिप्सम बोर्डाचे छत. समजा अशा घरात जेवणाच्या टेबलावरच्या छतावर डाग पडला आहे. वरचा टब अॅक्रिलिकचा, पंधरा वर्षे जुना, तळाला फिरवून बंद करायचे बूच. घरच्यांच्या निरीक्षणाप्रमाणे शॉवर घेतल्यावर डाग वाढत नाही, मुलांच्या अंघोळीनंतरही नाही. सुट्टीच्या दिवशी घरातला मोठा माणूस टब भरून त्यात पडून राहतो, त्यानंतरच वाढतो. सगळे नळ बंद असताना मीटर स्थिर आहे.

पहिले काम म्हणजे जोडणी उघड्यावर आणणे. सुटे सांधे असतील तर अमेरिकी प्लंबिंग नियमांनुसार टबाच्या डोक्यामागे किमान बारा इंच रुंदीचे उघडता येणारे झाकण ठेवावे लागते. ते बहुधा पलीकडच्या खोलीतल्या कपाटात, कपड्यांच्या मागे सापडते. या घरात ते आहे. नसते, तर कपाटाच्या भिंतीत चौकोन कापणे हे खालचे छत कापण्यापेक्षा स्वस्त पडते. झाकण काढल्यावर बॅटरीच्या उजेडात आतला भाग पाहायचा, प्रत्येक सांधा कापडाने पुसून कोरडा करायचा आणि शूखाली, टीखाली आणि टबाच्या मागच्या अंगाला कोरडे टिश्यू पेपर पसरायचे. टिश्यूवर पाण्याचा एक थेंबही लगेच दिसतो. ओलसर लाकडावर पाच थेंबही दिसत नाहीत.

पहिली चाचणी बादलीची. टबाचे बूच उघडे ठेवून वीस लिटरची बादली थेट तळाच्या तोंडात झपकन ओतायची, दोनदा. टबाच्या भिंतींवर आणि टाइलवर पाणी उडता कामा नये. या चाचणीत शू, आडवा पाइप, टी आणि ट्रॅप तपासले जातात. टिश्यू कोरडा राहिला. याचा अर्थ ट्रॅपपर्यंतचा मार्ग बहुधा ठीक आहे. 'बहुधा' अशासाठी की दोन बादल्यांचा लोट काही सेकंदच टिकतो. अख्खा टब सोडताना पाइप चार मिनिटे भरलेला असतो. ती परीक्षा शेवटी.

दुसरी चाचणी साठलेल्या पाण्याची. बूच बंद करून दहा सेंटिमीटर पाणी भरायचे. भरताना नळाच्या मागे भिंतीकडे लक्ष ठेवायचे, कारण काही घरांत पाणी नळाच्या तोंडाऐवजी आतल्या सांध्यातून मागे भिंतीत उतरते आणि ते फक्त टब भरतानाच घडते. मग अर्धा तास थांबायचे. थांबणे हा या चाचणीतला सर्वांत अवघड भाग आहे. पाच मिनिटे पाहून "काही नाही" म्हणणाऱ्यांमुळेच पुष्कळ गळत्या वर्षानुवर्षे टिकतात. टिश्यू कोरडा. मग पाणी वाढवून घरच्यांच्या नेहमीच्या रेषेपर्यंत, म्हणजे ओव्हरफ्लोच्या खालच्या कडेपासून सहा सेंटिमीटर खाली आणायचे आणि तासभर थांबायचे. तरीही टिश्यू कोरडाच.

इथे सगळेच चुकतात. टब नेहमीइतकाच भरलेला आहे, पाणी तासभर साठून आहे, गळती नाही. मग माणसाच्या वजनानेच तळ दबून सांधा उघडत असणार, असा निष्कर्ष हाताशी येतो. तो चुकीचा असू शकतो, आणि त्याचे कारण आर्किमिडीजला टबातच सुचले अशी दंतकथा आहे. ओव्हरफ्लोच्या उंचीला टबातल्या पाण्याचा पृष्ठभाग साधारण एकशेचाळीस बाय साठ सेंटिमीटर, म्हणजे आठ हजार चौरस सेंटिमीटरच्या आसपास असतो. पातळी एक सेंटिमीटर वाढायला आठेक लिटर लागतात. सत्तर किलोचा माणूस डोके, गुडघे आणि खांदे बाहेर ठेवून पहुडला तर तो सुमारे पन्नास लिटर पाणी बाजूला सारतो. पातळी सहा सेंटिमीटर चढते आणि पाणी ओव्हरफ्लोच्या कडेला टेकते. मुले बसल्यावर ते तिथपर्यंत जात नाही. म्हणजे माणूस बसल्यावर दोन गोष्टी एकदमच घडतात: तळावर वजन पडते आणि पातळी ओव्हरफ्लोपर्यंत पोचते. दोन्ही वेगळ्या केल्याशिवाय दोषी ठरवता येत नाही.

त्या वेगळ्या करणे सोपे आहे. आधी वजन एकटे तपासायचे. पाणी सोडून द्यायचे, टिश्यू बदलायचा, टबात फक्त दहा सेंटिमीटर पाणी घेऊन मोठ्या माणसाने तळाच्या तोंडाजवळ उभे राहायचे आणि पाय बदलत दहा मिनिटे घालवायची. दुसऱ्याने मागून शूकडे पाहायचे. तळ हलत असेल तर शू पाइपावर करकरताना दिसतो, फ्लँजची कड उचलली जाते आणि खाली थेंब जमतो. या घरात तसे काही झाले नाही. मग पातळी एकटी तपासायची. कोणीही टबात न बसता पाणी ओव्हरफ्लोच्या भोकाच्या मध्यापर्यंत चढवायचे आणि नळ अगदी बारीक चालू ठेवायचा, म्हणजे पाणी सतत भोकात जात राहील. चौथ्या मिनिटाला टबाच्या मागच्या अंगाने, कोपऱ्याच्या खालून, एक बारीक ओघळ उतरला आणि टिश्यूच्या कडेला ओला गोल उमटला. उभ्या पाइपाचे खालचे सांधे मात्र कोरडेच.

दोषी जवळजवळ सापडला, पण एक खातरजमा बाकी राहते. पाणी खाली घेऊन आतली बाजू पुसायची, झाकण काढून ओव्हरफ्लोच्या भोकावर पाणी धरणारी रुंद चिकटपट्टी घट्ट लावायची आणि पुन्हा त्याच पातळीपर्यंत भरायचे, फक्त या वेळी नळ बंद करून. अर्ध्या तासात मागे काहीही उतरले नाही. टब, पाणी, पातळी सगळे तेच. बदलले ते एवढेच की पाण्याला गॅस्केटपर्यंत जाता आले नाही. त्यानंतर बूच उघडून अख्खा टब एका दमात सोडला आणि तेव्हाही सांधे कोरडे राहिले, म्हणजे सोडतानाची शंकाही फिटली. गॅस्केट बाहेर काढल्यावर दिसले की फोम कडक होऊन भुसभुशीत झाला होता, आणि जाड बाजू वर होती. पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी ते उलटे बसवले होते. नवे असताना मऊ फोमने ती चूक झाकली. फोम वाळल्यावर फट उघडी पडली.

बदलण्याचे काम तासाभराचे. झाकणाचे स्क्रू काढायचे. दांडीचा प्रकार असेल तर झाकणासह दांडी आणि तिला लोंबणारा दट्ट्याही वर ओढून घ्यायचा. मागून उभ्या पाइपाचा टीवरचा नट सैल केला की कोपरा थोडा मागे ढकलता येतो. जुने गॅस्केट काढून टबाच्या मागची बाजू खरवडून साफ करायची, कारण जुन्या फोमचे कण राहिले तर नवे गॅस्केट त्यांच्यावर नीट बसत नाही. नवे गॅस्केट जाड बाजू खाली ठेवून लावायचे, कोपऱ्याचे तोंड भोकाच्या बरोबर समोर आणायचे आणि स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे. एकच स्क्रू पूर्ण पिळून मग दुसरा घेतला तर गॅस्केट एका बाजूला चेपते. शेवटी टीवरचा नट पुन्हा घट्ट करायचा. मागून हात जाण्याची सोय नसेल तर नवे गॅस्केट घडी घालून वरच्या भोकातूनच मागे सरकवता येते; सवय नसलेल्याला ते किचकट जाते, पण भिंत फोडण्यापेक्षा बरे.

उदाहरणातली गळती ओव्हरफ्लोची निघाली. तळाच्या सांध्याची असती तर खुणा वेगळ्या दिसल्या असत्या. साठलेल्या पाण्याच्या चाचणीत दहा सेंटिमीटरलाच, किंवा उशिरात उशिरा नेहमीच्या रेषेला, शूखाली थेंब जमला असता आणि पातळी वाढेल तसा वेग वाढला असता. इथे एक छोटी युक्ती उपयोगी पडते. तळाच्या तोंडात घट्ट रबरी बूच बसवून, पण फ्लँजची कड उघडी ठेवून भरायचे. गळती चालूच राहिली तर पाणी कडेखालून जात आहे. मग रुंद सपाट रबरी चकती अशी ठेवायची की कडही झाकली जाईल. आता गळती थांबली तर शंका उरत नाही. उलट, दट्ट्याच्या प्रकारात नुसत्या बुचानेच गळती थांबली, तर दोष शू किंवा आडव्या पाइपात आहे. जुन्या पातळ पितळी शूला तळाच्या बाजूने सुईच्या टोकाएवढी भोके पडतात, विशेषतः नाली मोकळी करणारी तीव्र रसायने वारंवार ओतली असतील तर.

तळाचा सांधा दुरुस्त करताना फ्लँज उघडावा लागतो. त्याच्या आतल्या आडव्या पट्ट्यांत अडकणारा खास पाना मिळतो. पक्कड घालून पिळल्यास पट्ट्या तुटतात आणि कामाचा खर्च दुप्पट होतो. पिळताना मागून शू हाताने धरून ठेवावा. नाही तर जोर पाइपावर जातो आणि चिकटवलेला सांधा तडकतो. पुट्टीबद्दलही सावधगिरी लागते. तेलाची पुट्टी पितळ आणि इनॅमलच्या टबाला चालते. अॅक्रिलिकचे टब आणि काही प्लास्टिक तिने डागाळतात किंवा कालांतराने तडकतात, म्हणून तिथे सिलिकॉन. आणि तळ दबत असेल तर नवी चकतीही फार काळ टिकत नाही. टब बसवतानाच खाली मसाल्याची बैठक द्यायला हवी होती. नंतर फटीतून फोम भरणे हा तडजोडीचा उपाय आहे, पक्का नाही.

दबणाऱ्या तळाचा आणखी एक परिणाम टब आणि टाइल यांच्या सांध्यावर होतो. टब भरला की त्याची कड किंचित खाली जाते आणि सिलिकॉनची रेघ टाइलपासून सुटते. वर उडालेले पाणी त्या फटीतून मागे जाते. रिकाम्या टबात ही फट दिसत नाही. जाणकार प्लंबर त्यामुळे टब पाण्याने भरून, फट पूर्ण उघडी असताना सिलिकॉन भरतात आणि ते सुकेपर्यंत पाणी सोडत नाहीत.

पातळी पाहून गळती ओळखण्याचा मोह अनेकांना होतो. काठावर पेन्सिलीची खूण करून रात्रभर पाणी ठेवणे सोपे वाटते. पण वरच्या हिशोबाने एक मिलिमीटर पातळी म्हणजे पाऊण लिटरहून जास्त पाणी. छतावर डाग पाडायला एक कपही पुरतो, आणि तेवढ्याने पातळी पाव मिलिमीटरच उतरते. ते डोळ्याला कळत नाही. गळती मोठी असेल तर मात्र खूण बोलते. पाणी उतरत उतरत ओव्हरफ्लोच्या कडेखाली गेल्यावर स्थिर झाले, तर गळती तिथली. तळापर्यंत उतरतच राहिले, तर तळाची किंवा बूच नीट न बसल्याची. बूच आणि गळती यांच्यात फरक करायला ट्रॅपच्या पुढचा आवाज ऐकावा किंवा टबात खायचा रंग टाकावा.

महाराष्ट्रातल्या फ्लॅटमध्ये बाथटब कमी, पण मुंबई-पुण्याच्या मोठ्या घरांत आणि हॉटेलांत आहेत, आणि तिथे ही पद्धत थोडी बदलावी लागते. बाथरूमचा स्लॅब खाली घेऊन त्यात विटांच्या तुकड्यांचा भराव केलेला असतो. गळलेले पाणी आधी भरावात मुरते आणि खालच्या शेजाऱ्याच्या छतावर उमटायला कित्येक दिवस लागतात. त्यामुळे "अंघोळीनंतर तासाभरात" असा धागा इथे हाती लागत नाही. बांधीव कट्ट्यात बसवलेल्या टबाला उघडता येणारे झाकणही पुष्कळदा नसते, आणि वेस्टचा लवचिक पाइप टबाखाली नहाणी ट्रॅपवर नुसता सोडलेला असतो. टब एकदम सोडला की पाणी ट्रॅपमधून उतरण्याआधीच कट्ट्याच्या आत पसरते. असे असेल तर गॅस्केट बदलून काहीच हाती लागत नाही. म्हणून इथे पहिले काम कट्ट्याची एक टाइल काढून आत पाहण्याचे, आणि त्या जागी कायमचे झाकण बसवण्याचे. चाचण्या मात्र त्याच क्रमाने: बादली, थोडे पाणी, नेहमीची रेषा, वजन, ओव्हरफ्लो, शेवटी एकदम सोडणे, दोन चाचण्यांच्या मध्ये सगळे पुसून कोरडे.

दुरुस्तीनंतर लगेच छत रंगवायची किंवा भिंत बंद करायची घाई करू नये. नवे गॅस्केट बसल्यावर पाणी ओव्हरफ्लोच्या मध्यापर्यंत चढवून अर्धा तास ठेवावे, मग मागे कोरडा टिश्यू अंथरून घरातल्या सर्वांत वजनदार माणसाला दोन-तीन वेळा टब भरून अंघोळ करू द्यावी. प्रत्येक वेळी टिश्यू कोरडा निघाला तरच छतवाल्याला बोलवावे.